लग्नाच्या व्यवसायाचे रंग: एकटा रंग नको, जोडी बघा

‘लाल म्हणजे शुभ, पांढरा म्हणजे शोक, हिरवा म्हणजे समृद्धी’ असा तक्ता कुणी हातात दिला, तर त्याची घडी करून डगमगत्या टेबलाच्या पायाखाली घाला. नाशकात मी अकरा वर्षं लग्नांची सजावट आणि व्यवस्था करते. त्या तक्त्यावर भरवसा ठेवून माझ्या व्यवसायासाठी केलेली पहिली पाटी मला तीन महिन्यांत उतरवावी लागली. तुमच्या पाटीसाठी, बॅनरसाठी रंग ठरवायचे असतील तर असं करा.

१. गेल्या दोन वर्षांची बुकिंगची वही काढा आणि कुठल्या समाजाची किती लग्नं केली ते मोजा.

२. आता रंगांच्या जोड्या लावा. सगळं अडतं ते इथेच.

पांढरा घ्या. आपल्या मराठी हिंदू घरात नवरीला पांढरं लुगडं कुणी नेसवणार नाही, पण अंतरपाट पांढराच असतो, त्यावर कुंकवाचं स्वस्तिक. गुजराती नवरीचं पानेतर पांढरं, लाल काठाचं. बौद्ध पद्धतीच्या लग्नात वधूवर पांढऱ्या कपड्यांत बसतात आणि शरणपूरच्या चर्चमध्ये गाऊन पांढराच. म्हणजे पांढऱ्याला अर्थ देतो तो त्याचा सोबती. लाल किंवा पिवळा सोबत आला की तो मांडवात बसतो. काळा सोबत आला की श्रद्धांजलीची जाहिरात होते. ‘क्लासी दिसतं’ म्हणून पांढऱ्यावर काळी अक्षरं छापू नका. काळ्याचंही तेच. मंगळसूत्रात सोन्याशेजारी तो हवाच, पण हळदीला काळी साडी नेसून गेलात तर आजी दारातच थांबवतील.

माझी चूक अशी. हिरवा चुडा डोळ्यांपुढे ठेवून मी बाटलीहिरवा घेतला, सोबत सोनेरी, पार्श्वभूमी पांढरी. स्क्रीनवर राजेशाही दिसलं. पण फ्लेक्सवर सोनेरी नावाची शाई नसते, पिवळ्या आणि किरमिजी शाईचं मिश्रण पडतं. तो रंग आला थेट नारिंगी. गंगापूर रोडच्या एका लॉनच्या गेटवर बॅनर लागला आणि नवऱ्या मुलाचे मामा विचारतात, “ताई, लग्नाआधी झेंडावंदन आहे का?” वर केशरी, मध्ये पांढरा, खाली हिरवा. मला तोवर दिसलंच नव्हतं.

घाईघाईत हिरवा काढून गडद निळा घातला. सातपूरला एका घरी आपुलकीने ‘जय भीम’ झालं, दुसऱ्या घरी विचारणा झाली की तुम्ही फक्त त्यांचीच लग्नं करता का. दोन्हीकडे माझ्याआधी माझा रंग बोलून मोकळा झाला होता. निळ्यात वाईट काही नाही. सगळ्या घरांत जाणाऱ्या माणसाने स्वतःची ओळख अशी आधीच ठरवून देऊ नये, एवढंच. आकारही बघा: हिरव्यासोबत कमान आली, भगव्यासोबत त्रिकोणी पताका आली, की रंगाचा अर्थ पक्का होऊन बसतो.

शेवटी मी अंजिरी (#6B2737) आणि मोतिया (#FAF3E3) यांवर आले. अंजिरी हा लालाचा नातेवाईक, म्हणून मांडवात परका वाटत नाही, आणि कुणाच्या झेंड्यातही नाही. मोतिया पांढऱ्याचं काम करतो, पण कोऱ्या कापडाची आठवण देत नाही. तिसरा रंग मी कायमचा ठेवलेलाच नाही. तो त्या घराचा: हळदीला पिवळा, निकाहला त्यांना हवा तो, चर्चला बहुधा काहीच नाही.

३. जोडी कागदावर, फ्लेक्सवर आणि कापडावर छापून उन्हात बघा. पत्रिकेच्या कोपऱ्याला हळदीकुंकवाची बोटं लावून बघा. जांभळ्यावर हळद मळकट दिसते. सोनेरी हवाच असेल तर फॉइलचे पैसे मोजा, नाहीतर सोडून द्या.

४. वेगवेगळ्या समाजांच्या पाच-सहा घरी नमुना न्या, पण नाव झाकून. ‘आवडला का?’ विचारू नका, लोक भिडेखातर हो म्हणतात. विचारा, ‘हे कशाचं वाटतं?’ मिठाईचं दुकान, साड्यांचं दुकान, असं उत्तर आलं तर चालेल. पक्ष, पंथ किंवा दवाखाना आला तर जोडी बदला. नवरीला विचारू नका, तिला त्या महिन्यात सगळंच फिकं गुलाबी आवडतं. पत्रिका वाटत फिरणाऱ्या काकूंना विचारा.

५. छपाईवाल्याला रंगाचं नाव सांगू नका, शाईचे आकडे आणि मंजूर केलेला तुकडा द्या. ‘अंजिरी’ म्हटलं की प्रत्येक जण आपापलं अंजीर आणतो.

६. आपल्याकडे काम करणाऱ्या पोरांचे टी-शर्ट अंजिरीच शिवा. मोतिया शिवले होते तेव्हा हळदीचे डाग साबण लागताच लालभडक व्हायचे आणि दुसऱ्या दिवशीच्या लग्नात पोरं मारामारी करून आल्यासारखी दिसायची.