फोटोतल्या टेबलवरून व्हेरिअन्स काढायचाय? h चा वर्ग विसरू नका

ग्रुपवर आलेल्या फोटोत 3 आणि 8 सारखेच दिसतात, म्हणून आधी टेबल कागदावर उतरवा, फ्रिक्वेन्सींची बेरीज करा आणि ती खाली छापलेल्या टोटलशी जुळते का बघा. जुळत नसेल तर पुढे जाऊच नका.

हे टेबल घेऊ: मार्कांचे वर्ग 0-20, 20-40, 40-60, 60-80, 80-100 आणि विद्यार्थी 4, 10, 15, 8, 3. एकूण 40.

आता मेथड. "स्टेप डेव्हिएशनच वापरा" असं सरसकट सांगणाऱ्यांचं ऐकू नका. टेबलमध्ये वर्गच नसतील, 1, 2, 3 असे छोटे आकडे असतील तर डायरेक्टच बरी, उगाच जास्तीचा कॉलम कशाला. इथे मात्र मध्य 10, 30, 50, 70, 90 आहेत, त्यांचे वर्ग करून गुणत बसलात तर बेरीज 110400 वर जाते आणि एखादं शून्य सुटलं तरी कळत नाही. म्हणून स्टेप.

A = 50, h = 20 धरा, d येतात −2, −1, 0, 1, 2. fd ची बेरीज −4. fd² साठी fd ला पुन्हा d ने गुणा, fd चा वर्ग करू नका. बेरीज 46.

```
Var(d) = 46/40 − (−4/40)² = 1.15 − 0.01 = 1.14
```

खरी मारामारी इथून पुढे. हा 1.14 मार्कांचा व्हेरिअन्स नाही, 20 मार्कांची एक पायरी धरून आलेला आहे. सरासरी काढताना आपण h ने एकदाच गुणतो (50 − 0.1 × 20 = 48), त्याच सवयीने पोरं इथेही 20 ने गुणतात, 22.8 येतं, त्याचं वर्गमूळ 4.77, आणि दिसायला हे उत्तर अगदी शहाण्यासारखं दिसतं! पण व्हेरिअन्स वर्गातून बनतो, म्हणून h पण वर्ग होऊनच येणार:

```
Var = 20² × 1.14 = 456
SD  = √456 ≈ 21.35
```

उत्तर चुकलंय हे ओळखायचं कसं? सरासरीपासून तीन एसडीच्या बाहेर नवव्या हिश्श्यापेक्षा जास्त माणसं असूच शकत नाहीत, डेटा कुठलाही असो. 4.77 धरलं तर ती हद्द साधारण 34 ते 62 येते, आणि 20 च्या खालचे 4 नि 80 च्या वरचे 3 असे सात जण तर उघड बाहेर पडतात. 40 चा नववा हिस्सा साडेचारसुद्धा नाही. म्हणजे 4.77 शक्यच नाही.

वर्ग 1-20, 21-40 असे छापले असतील तरी h 20 च, 19 नाही. मध्यांमधलं अंतर बघा. आणि कॅल्क्युलेटरवर ताळा घेताना 21.63 आलं तर घाबरू नका, त्याने 40 ऐवजी 39 ने भागलंय, σ चं बटण दाबा.