मुलाचा मंत्रचळ : उपचार सुरू झाल्यावर घरच्यांनी या चुका टाळा

पहिल्या भेटीत बहुतेक आया मुलाचे हात पुढे करून दाखवतात. सोनूच्या आईनेही तेच केलं. (नाव बदललं आहे, ओळख पटेल असे तपशीलही.) यवतमाळ जिल्ह्यातलं कापसाचं गाव, मुलगा दहा वर्षांचा, पाचवीत. बोटांच्या पेरांवर चिरा, मनगटापर्यंत कातडी पांढरी पडलेली. साबणाची वडी दोन दिवसांत संपायची. गावात नळ एक दिवसाआड येतो, त्यामुळे हे सगळं पाणी आईच हापशीवरून आणत होती.

सोनूची भीती आभाळातून पडलेली नव्हती. 2017 च्या हंगामात याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं दगावली, त्या गोष्टी अजून घराघरांत सांगितल्या जातात. त्याने त्या ऐकल्या होत्या. बाबांच्या अंगावरचं औषध आपल्या हाताला लागेल, हातावरून आईच्या ताटात जाईल आणि आई मरेल, ही साखळी त्याच्या डोक्यात पक्की बसली होती. म्हणून तो हात धुवायचा आणि दिवसभर विचारायचा, "माय, तुले काई होनार नाई ना?"

याला ओसीडी म्हणतात, मराठीत मंत्रचळ. नको असलेला विचार पुन्हा पुन्हा येतो, जीव घाबरतो. मग ती घालमेल थांबवण्यासाठी मूल एखादी कृती करतं आणि थोडा वेळ बरं वाटतं. त्या बरं वाटण्यामुळेच पुढच्या वेळी ती कृती आणखी गरजेची होऊन बसते. यावर ईआरपी, म्हणजे एक्स्पोजर विथ रिस्पॉन्स प्रिव्हेंशन, हा उपचार करतात. मूल ठरवून, थोडं थोडं भीतीसमोर जातं आणि नेहमीची कृती करत नाही. ऐकायला सोपं आहे, पण घरी गेल्यावर ते कुठे बिघडतं हे मी बऱ्याच घरांत पाहिलं आहे.

पहिली चूक : प्रश्नाला उत्तर देत राहणं

"नाही रे बाबा, काही होत नाही मला." यात चूक काय, असं सोनूच्या आईने विचारलं. तिला मी मोकाट गोऱ्ह्याचं उदाहरण दिलं. दारात आलेल्या गोऱ्ह्याला आज पोळी टाकली की उद्या तो त्याच वेळेला येणार. एक दिवस टाकली नाही तर आधी हंबरेल, मग दाराला शिंगं लावेल. तासभर हंबरल्यावर कंटाळून पोळी टाकली, तर तो काय शिकला? तासभर हंबरायला शिकला. आई लगेच म्हणाली, "मंग आमच्या घरी त समदेच पोळी टाकते."

खरंच तसं होतं. फवारणी नसलेल्या दिवशीही बाबा सोनूच्या हट्टाने अंगणातच कपडे काढायचे. आजी त्याच्या हातावर तांब्याने पाणी ओतून द्यायची. आई ताट दोनदा धुवायची. सगळं मायेपोटी चाललं होतं आणि आजार त्यावरच पोसला जात होता.

म्हणून पहिल्या आठवड्यात काहीच बदलू नका, फक्त मोजा. आईने एका वहीत रेघा मारल्या. प्रश्न दिवसाला सरासरी चाळीस, हात धुणं पंचवीसच्या आसपास. दुसऱ्या आठवड्यात एकच गोष्ट बदलली : उत्तर देणं. आई-बाबा सगळं एकदम बंद करायला निघाले होते, मी थांबवलं. घरच्यांनी मुलासाठी केलेल्या गोष्टी एकेक करून, मुलाला आधी सांगून काढायच्या असतात.

उत्तर द्यायचं नाही म्हणजे गप्प बसायचं किंवा रागवायचं असं नव्हे. सोनूने आपल्या आजाराला 'बोंडअळी' नाव दिलं होतं, कारण बोंड बाहेरून चांगलं दिसतं आणि अळी आत असते. मग आईचं वाक्य असं ठरलं : "हे बोंडअळी विचारून राह्यली. तुले भेव लागते, मले समजते. पन मी उत्तर देनार नाई, अन् तुले हे जमते." दिवसात कितीही वेळा विचारलं तरी हेच वाक्य, त्याच आवाजात.

तिसऱ्या दिवशी सोनूने तांब्या भिरकावला आणि रडून घर डोक्यावर घेतलं. आजीला राहवलं नाही, तिने मागच्या खोलीत नेऊन सांगितलं, "तुह्या मायले काई होत नाई." त्या आठवड्यात प्रश्न वाढले आणि ते आजीकडे वळले. आजीला दोष देण्यात अर्थ नव्हता, कारण तिला कुणी समजावलंच नव्हतं. पुढच्या भेटीला ती एसटीने सोबत आली आणि गोऱ्ह्याची गोष्ट तिला सोनूच्या आईनेच सांगितली.

दुसरी चूक : खरा धोका आणि आजार यांची सरमिसळ

विदर्भातल्या शेतकरी घरात हे नीट उलगडून सांगावं लागतं. ईआरपी म्हणजे मुलाला कीटकनाशकाची बाटली हातात धरायला लावणं नाही. फवारणीचा पंप, औषधाचे डबे, फवारणीच्या दिवशीचे कपडे यांपासून मूल दूरच राहिलं पाहिजे. बाबांनी फवारणीनंतर अंघोळ करायची, ते कपडे वेगळे धुवायचे, औषध कुलपात ठेवायचं. हा शहाणपणा आहे, त्याला हात लावायचा नाही.

मग आजार कुठे सुरू होतो? आम्ही एक कसोटी ठेवली : शेजारच्या घरातलं सोनूच्या वयाचं मूल इथे काय करेल? जेवणाआधी आणि संडासहून आल्यावर एकदा साबणाने हात धुईल. शेतातून आल्यावरही धुईल. पण दाराच्या कडीला हात लागला म्हणून धुणार नाही. ही रेघ घरच्या सगळ्यांना सारखी दिसली पाहिजे.

त्या रेघेच्या अलीकडच्या, म्हणजे सुरक्षित पण सोनूला भीती वाटणाऱ्या गोष्टींची आम्ही शिडी केली. भीतीला 0 ते 10 असे आकडे त्यानेच दिले. दाराची कडी 3. बाबांचा धुतलेला सदरा 4. मोटरसायकलचं हँडल 5. हँडलला हात लावून तोच हात दप्तराला लावणं 6. मग न धुता आईचा हात धरणं 8. आणि कडीला हात लावून, न धुता आईचं ताट-वाटी मांडणं 9.

इथे बाबांनी घाई केली. भेटीनंतर दोनच दिवसांनी त्यांनी नळावरून सोनूचा हात ओढला आणि थेट आईच्या ताटाला लावला. "एकदाचं होऊन जाऊ दे" असा त्यांचा विचार. पुढचे चार दिवस सोनू बाबांच्या जवळ आला नाही आणि धुणं दुप्पट झालं. मुलाने स्वतः कबूल केलेली पायरीच उपयोगी पडते. जबरदस्तीत ते एवढंच शिकतं की आता बाबांपासूनही जपायला हवं.

तिसरी चूक : सराव करताना नकळत मदत करणं

ही ओळखायला सगळ्यात अवघड आहे, म्हणून एक सराव जवळून सांगते.

आम्ही पुन्हा कडीपासून सुरुवात केली आणि दुसऱ्या आठवड्यात मोटरसायकलच्या हँडलवर आलो. सुरू करण्यापूर्वी सोनूला विचारलं, "बोंडअळी काय म्हणते, काय होईल?" तो म्हणाला, "रातच्याला मायच्या पोटात दुखन." ते वहीत लिहिलं. मग त्याने दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरलं. आकडा 5 वरून 7 वर गेला. इतक्यात आई बोलून गेली, "अरे, कालच त पुसली गाडी." आकडा लगेच 2 वर आला आणि ती खूश झाली. पण तो सराव वाया गेला. भीतीसोबत राहून सोनू काही शिकला नाही, त्याला पुन्हा पोळी मिळाली.

दुसऱ्या दिवशी आई गप्प राहिली, तरी आकडा मिनिटभरातच खाली आला. मी व्हिडिओ कॉलवर होते. नीट पाहिलं तर ओठ हलत होते. विचारल्यावर लाजत म्हणाला, अकरा वेळा देवाचं नाव घेतलं. देवाचं नाव घेण्यात काही वाईट नाही, पण इथे ते हात धुण्याच्या जागी आलं होतं. चड्डीला हात पुसणं, मनात मोजणं, "संध्याकाळी धुईन" असं स्वतःशी ठरवणं, या सगळ्या त्याच जातीच्या गोष्टी. भीती अचानक उतरली की आधी मुलाचे हात आणि ओठ बघा.

तिसऱ्या दिवशी जमलं. आकडा 7 वर गेला, वीस मिनिटांनी 6, पस्तीस मिनिटांनी 4. तो शून्यावर यायलाच हवा असं नाही. काही दिवस तो फारसा खालीही येत नाही आणि तरी सराव लागू पडतो. महत्त्वाचं ते रात्री झालं. सोनूने वही उघडली आणि आपल्या भाकितापुढे लिहिलं : "दुखलं नाई." त्याखाली : "मी धुतले बी नाई."

मात्र "पाहिलंस, आईला कधीच काही होणार नाही" असं त्यावर बोलू नका. तशी खात्री कुणालाच देता येत नाही आणि सोनूची सगळी धडपड त्या खात्रीसाठीच होती. आमचं वाक्य होतं : "होईल की नाही, माहीत नाही. मी आता शोधत बसणार नाही." वरच्या पायऱ्यांवर सोनू हेच मोठ्याने म्हणायचा. दहा वर्षांच्या मुलाला हे झेपेल का, असं पालक विचारतात. झेपतं, खालच्या पायऱ्या त्याच्या पायाखालून गेलेल्या असतील तर.

डॉक्टरांकडे कधी

साधारण 12 ते 16 भेटी लागतात, त्यातल्या काही फोनवर होऊ शकतात. मुलाची शाळा सुटली असेल, दिवसातले बरेच तास यात जात असतील किंवा भीतीमुळे सरावच सुरू होत नसेल, तर मनोविकारतज्ज्ञ सर्ट्रालिन किंवा फ्लुओक्सेटीनसारखी गोळी सोबत देतात. तिचा पूर्ण परिणाम दिसायला 8 ते 12 आठवडे जातात. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून ती मनानेच बंद करणं, हे मी फार वेळा पाहते. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभाग असतो. 14416 हा टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक मोफत आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

हे सगळं एक-दोन दिवसांत अचानक सुरू झालं असेल, विशेषतः घसा दुखून ताप येऊन गेल्यावर, तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. मुलाने विषाच्या भीतीने खाणं-पिणं सोडलं असेल किंवा जीव नकोसा झाल्याचं बोललं असेल तर शिडीचा विचार नंतर, त्याच दिवशी दवाखाना.

सोनूने फेब्रुवारीत आईचं ताट मांडलं. तोवर प्रश्न दिवसाला दोन-तीनवर आले होते. पोळ्यानंतर गावात फवारणीचा जोर वाढला आणि भीतीचा आकडा पुन्हा नऊवर गेला. आईने तिसऱ्याच दिवशी जुनी वही काढली, आजीला हाक मारली आणि सोनूला विचारलं, "कोन्या पायरीपासून धरायचं?" तो म्हणाला, "हँडल."