आधी एक वाक्य, मग सगळे परिचय

दिंडोरी भागातल्या एका द्राक्ष सल्लागार ताईंचे परिचय मी शेजारी शेजारी ठेवून वाचले. इन्स्टाग्रामवर ‘बीएस्सी ॲग्री, द्राक्षतज्ज्ञ, शेतकऱ्यांची सेवा हेच ध्येय’. व्हॉट्सॲपवर ‘सर्व पिकांसाठी योग्य मार्गदर्शन’. व्हिजिटिंग कार्डावर नुसतं ‘कृषी सल्लागार’. तिन्ही वाचून कुणाही बागायतदाराला कळलं नसतं की आपण यांना फोन का करावा. काम मात्र चोख, आणि फार ठरावीक. त्यांच्यासोबत बसून आधी एक वाक्य केलं आणि सगळे परिचय त्यातून काढले. त्याच क्रमाने सांगतो.

सुरुवात लिहिण्यापासून करू नका, विचारण्यापासून करा. गेल्या हंगामात ज्यांचं काम समाधानाने झालं अशा चार-पाच गिऱ्हाइकांना फोन करून दोनच प्रश्न विचारा: ‘तुम्ही मला पहिल्यांदा फोन केलात तेव्हा काय अडलं होतं?’ आणि ‘मी नेमकं काय केलं म्हणून ते सुटलं?’ उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, सुधारू नका. ताईंना मिळालेली उत्तरं साधारण अशी होती: ‘पहिल्यांदा एक्स्पोर्टचा माल करत होतो, रेसिड्यूची धास्ती होती.’ ‘तुम्ही दर आठवड्याला बागेत यायच्या आणि वहीत लिहून द्यायच्या.’ ‘तुम्ही औषधं विकत नाही, म्हणून विश्वास बसला.’ पदवीचा उल्लेख एकानेही केला नाही. सेवेचाही नाही.

इथे रेसिड्यूबद्दल, म्हणजे मालात उरणाऱ्या औषधाच्या अंशाबद्दल, थोडं सांगायला हवं, कारण वाक्याचा जीव त्यातच आहे. प्रत्येक औषधाला शेवटची फवारणी आणि काढणी यांच्यात ठरावीक दिवसांचं अंतर ठेवावं लागतं. ते चुकलं की औषधाचा अंश मणभर चांगल्या द्राक्षांतही मर्यादेबाहेर सापडू शकतो आणि निर्यातीचा माल अडकतो. त्यामुळे ‘कधी, काय, किती फवारायचं’ हे लिहून देणारं माणूस पहिल्या वर्षी फार मोलाचं असतं. ताईंची मदत नेमकी इथे होती. ‘मार्गदर्शन’ या शब्दात ती कुठेच दिसत नव्हती.

आता वाक्य. त्यात तीन गोष्टी याव्यात: कोणाला, कशासाठी, आणि तुम्ही हाताने नेमकं काय करता. पहिला मसुदा असा झाला: ‘द्राक्ष बागायतदारांना मी असा सल्ला देते की माल रेसिड्यूत अडकत नाही.’ यात दोन दोष होते. ‘द्राक्ष बागायतदार’ म्हटलं की बेदाणा करणाराही आला आणि गावच्या बाजारात विकणाराही आला. त्यांना हे काम सहसा लागत नाही. आणि ‘अडकत नाही’ ही हमी झाली. शेजारच्या बागेतलं औषध वाऱ्याने उडून येतं, मजूर प्रमाण चुकवतो. ते ताईंच्या हातात नाही. जे तुमच्या हातात नाही त्याचं वचन वाक्यात देऊ नका. ‘अडकू नये म्हणून’ एवढा बदल पुरतो आणि तो खरा असतो. शिवाय ‘सल्ला’ डोळ्यांसमोर उभा राहत नाही, ‘वहीत लिहून देते’ राहतं. शेवटी हे ठरलं:

‘पहिल्यांदाच निर्यातीसाठी द्राक्षं करणाऱ्या दिंडोरी-निफाडच्या बागायतदारांचा माल रेसिड्यू तपासणीत अडकू नये म्हणून मी छाटणीपासून काढणीपर्यंत दर आठवड्याला बागेत येऊन फवारणीचं वेळापत्रक लिहून देते.’

याच्या दोन परीक्षा घ्या. हेच वाक्य गावातला खत-औषधांचा दुकानदार स्वतःच्या नावाखाली लावू शकेल का? लावू शकत असेल तर वाक्य अजून ढिलं आहे. दुसरी, एखाद्या बागायतदाराला वाचून दाखवा आणि विचारा, ‘माझ्याकडे कोणाला पाठवाल?’ त्याने एखाद्या खऱ्या माणसाचं नाव घेतलं की वाक्य जमलं. ‘पाठवू की कोणालाही’ असं म्हणाला, तर ‘कोणाला’ हा भाग पुन्हा लिहा.

मग जागेप्रमाणे परिचय काढायचे. वाक्य साधारण 190 चिन्हांचं आहे. लिंक्डइनच्या मथळ्यात 220 बसतात, तिथे ते जसंच्या तसं जातं. इन्स्टाग्रामवर मर्यादा 150 ची आहे आणि देवनागरीत ती पटकन संपते, कारण काना, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. ‘द्राक्ष’ दिसायला दोन अक्षरं, मोजणीत सात. तिथे कापावं लागतं, पण ‘कोणाला’ आणि ‘काय करता’ यांना हात लावू नका. कारण सांगणारा भाग आधी काढा. ताईंचं असं झालं: ‘निर्यातीची द्राक्षं पहिल्यांदा करताय? छाटणी ते काढणी, दर आठवड्याला बागेत येऊन फवारणी लिहून देते. दिंडोरी-निफाड. बाग दाखवायला फोन करा.’ हे दीडशेच्या आत बसतं. ‘कोणाला’ सुरुवातीलाच ठेवा, म्हणजे घाईत वाचणाऱ्यालाही हे आपल्यासाठी आहे हे कळतं.

व्हॉट्सॲप बिझनेसच्या माहितीत 512 चिन्हं मिळतात. तिथे आधी मूळ वाक्य पूर्ण, आणि त्यापुढे फोन करणाऱ्याला जे हमखास विचारायचं असतं तेवढंच: ‘नाव फळछाटणीच्या आधी नोंदवावं लागतं, मधल्या काळात नवी बाग घेत नाही. औषधं विकत नाही, कोणत्याही दुकानाशी संबंध नाही.’ शेवटचं वाक्य गिऱ्हाइकांच्या तोंडून आलेलं आहे, म्हणून ते आवर्जून ठेवलं.

चर्चासत्रात सूत्रसंचालक वाचून दाखवतो तो परिचय तृतीयपुरुषी असतो. तिथेही वाक्य तेच, फक्त ‘मी’च्या जागी नाव आणि ‘देते’चं ‘देतात’. पदवी आणि अनुभवाची वर्षं इथे शोभतात, पण मूळ वाक्यानंतर. आधी पदवी आली की श्रोत्याचं लक्ष उडतं आणि काम ऐकलं जात नाही. कार्डावर तर नावाखाली एक ओळ पुरे: ‘निर्यातीच्या द्राक्षांसाठी बागेवर येऊन फवारणीचं वेळापत्रक’.

‘पण मी टोमॅटोवाल्यांचंही काम करते’ हा आक्षेप येतोच. माझं मत ठाम आहे: एका परिचयात दोन कामं कोंबू नका. येत्या हंगामात ज्या कामाचे फोन हवेत, त्याचंच वाक्य चालवा. टोमॅटोवाले ओळखीतून येतच राहतात.

मूळ वाक्य फोनमधल्या एका टिपणात ठेवा आणि खाली ते कुठे कुठे टाकलंय त्याची यादी करा. बदल करायचा तो आधी तिथे, मग यादीप्रमाणे सगळीकडे. एखाद्या ठिकाणी थेट शब्द फिरवलेत की वर्षभरात पुन्हा तीन वेगळे परिचय होतात.

काही चुकलंय का हे येणाऱ्या फोनवरून कळतं. महिनाभर प्रत्येक नवा फोन दोन शब्दांत नोंदवा. लोक ‘आमच्याकडे डाळिंब आहे, याल का?’ विचारत असतील तर ‘कोणाला’ धूसर आहे. ‘हे औषध कितीला देता?’ विचारत असतील तर तुम्ही काय करता ते पोचलेलं नाही. ‘एकदाच येऊन बघाल का?’ येत असेल तर ‘छाटणीपासून काढणीपर्यंत’ हे शब्द कुठेतरी कापले गेलेत. ते परत घाला, त्यासाठी दुसरं काही काढावं लागलं तरी चालेल.