मित्राच्या चिमुकल्यासाठी वाढदिवसाचा मेसेज

चार-पाच वर्षांच्या मुलाला मेसेज आई-बाबाच वाचून दाखवतात, त्यामुळे तो बोलल्यासारखा लिहा. त्यापेक्षा वीसेक सेकंदांचा व्हॉइस मेसेज उत्तम. मुलं तो पुन्हा पुन्हा लावायला सांगतात. ‘उदंड आयुष्याच्या अनंत शुभेच्छा’ मात्र त्यांच्या डोक्यावरून जातात. आदल्या दिवशी मित्राला विचारून घ्या, सध्या वेड कशाचं आहे? समजा, मनूला जेसीबीचं आहे:

“मनूबाई, आज तू पाच वर्षांची झालीस! केकवर जेसीबी आहे म्हणे? मग केक चमच्याने खाणार की जेसीबीने उचलून? मला नक्की सांग हं. आणि परवा तू छोट्या दादूला तुझा अर्धा लाडू दिलास ना? बाबा सांगत होता. काकाला फार आवडलं!”

प्रश्न मुलासाठी. त्याचं उत्तर द्यायला ते लगेच फोन मागतं. लाडवाचं वाक्य मुलाइतकंच आई-बाबांसाठीही आहे: आपल्या लेकीचा चांगुलपणा दुसऱ्याच्याही लक्षात राहिला, हे त्यांना सुखावतं. ‘आता शहाण्यासारखं वाग’ किंवा ‘ताईसारखी हुशार हो’ हे कटाक्षाने टाळा. आई-बाबांना विचारल्याशिवाय खेळणं द्यायचं कबूल करू नका. मूल रोज त्यांच्याच मागे लागतं.