फोटो हटवायला सांगण्याआधी: तो काढला कोणी, हे विचारा

तुमचा फोटो कोणी न विचारता नेटवर टाकला असेल तर आधी स्क्रीनशॉट घ्या, हे वेगळं सांगायला नको. त्यात तारीख आणि टाकणाऱ्याचं खातं दिसलं पाहिजे. लिंक त्या पोस्टचीच घ्या, खात्याची नको. तोच फोटो आणखी कोणी टाकला असेल तर त्याची लिंक वेगळी. टाकणाऱ्याशी भांडण हे सगळं गोळा झाल्यावर, कारण त्याने पोस्ट उडवून दुसऱ्या खात्यावर टाकली तर हातात काहीच राहत नाही.

आता मी चुकले ती गोष्ट. तक्रारीच्या पानावर जाण्याआधी स्वतःला विचारा: फोटो कोणी काढला? फोटोत कोण आहे, हा प्रश्न वेगळा. कोणी काढला?

वहिनीचा हळदीतला फोटो एका पार्लरने तिला न विचारता जाहिरातीसाठी टाकला होता. मी घाईत कॉपीराइटचा फॉर्म भरला, कारण फोटो आपल्या घरातला म्हणजे आपलाच, असं मी धरून चालले. तो काढला होता मावसभावाच्या मित्राने, स्वतःच्या मोबाइलवर. ‘या फोटोची मालकी माझी आहे’ या वाक्याखाली मी नाव टाकून मोकळी झाले. फोटो हटला. पार्लरवालीने उलट नोटीस दिली की मालकी या बाईंची नाहीच, आणि ते खरंच होतं. पुढे कोर्टात जायला माझ्याकडे आधार नव्हता. फोटो परत आला, आणि माझं नाव नि ईमेल तिच्याकडे गेलं ते गेलंच. कॉपीराइटच्या तक्रारीत तक्रारदार कोण, हे समोरच्याला सहसा कळवतात. ज्याच्यापासून लपायचं आहे त्याच्याच हाती पत्ता पडू शकतो, म्हणून हे आधी वाचा, मग फॉर्म भरा.

कायदा असा आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम १७ प्रमाणे फोटोचा पहिला मालक तो काढणारा. फोटोत दिसणारा नव्हे. सेल्फी असेल तर मालक तुम्ही. तुम्ही पैसे देऊन फोटोग्राफर लावला असेल आणि करारात वेगळं काही लिहिलं नसेल, तरीही मालक तुम्ही. मात्र करार शोधून वाचा. मित्राने, पाहुण्याने, ऑफिसातल्या कोणी काढला असेल तर मालक तो, आणि कॉपीराइटची तक्रार त्यानेच करायची. दुसरं म्हणजे, त्याच कायद्याच्या कलम ५२प्रमाणे साइटला दिलेली फोटो हटवण्याची नोटीस अचूक असली तरी ती २१ दिवसांपुरती. तेवढ्यात कोर्टाचा आदेश आणला नाही तर साइट फोटो पुन्हा दाखवू शकते.

दुसरा मार्ग खाजगीपणाच्या तक्रारीचा. त्यात मालकीचा प्रश्नच येत नाही. तिथे विचारतात की फोटोतली व्यक्ती ओळखू येते का, आणि तिची संमती होती का. वहिनीच्या बाबतीत पहिल्या दिवशीच हे करायला हवं होतं. ही तक्रार जिचा फोटो आहे तिने स्वतः करायची. मुलांसाठी आईवडील करू शकतात. पण नणंदेने वहिनीसाठी केली तर बहुतेकदा परत येते. वहिनीने शेवटी लिहिलं ते एवढंच: ‘या फोटोत मी आहे, डावीकडून दुसरी, पिवळी साडी. जाहिरातीसाठी वापरायला मी संमती दिलेली नाही. पोस्टची लिंक सोबत आहे. कृपया हटवा.’ बदनामी, मनस्ताप, पार्लरचा इतिहास, काही नाही. गटाच्या फोटोत आपण कोणत्या, हे सांगितलं नाही तर तक्रार तिथेच अडते. याचीही मर्यादा आहे: सभेत, मिरवणुकीत, रस्त्यावरच्या गर्दीत चेहरा दिसला एवढ्यावर साइट सहसा हटवत नाही.

म्हणजे पुन्हा तेच. कोणी काढला? दुसऱ्याने काढला असेल आणि तुम्ही पैसे देऊन काढून घेतला नसेल, तर कॉपीराइटच्या फॉर्मला हात लावू नका.

फोटो नग्न किंवा लैंगिक क्षणांचा असेल, किंवा चेहरा जोडून बनवलेला असेल, तर यातलं काही वाचत बसू नका. त्या तक्रारीचा पर्याय वेगळा असतो आणि २०२१च्या आयटी नियमांत त्याला तासांत मोजलेली मुदत आहे. सोबत cybercrime.gov.in वर नोंदवा. वय १८ पूर्ण असेल आणि फोटो तुमच्याकडे असेल तर StopNCII.org वापरा. तिथे फोटो अपलोड होत नाही, त्याचा अंकी ठसा तुमच्याच फोनवर तयार होतो आणि सहभागी साइट तो ठसा जुळवून फोटो अडवतात.

उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर साइटच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. त्याचं नाव आणि संपर्क साइटवर देणं बंधनकारक आहे. तक्रार क्रमांक जपा. त्याचंही उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांच्या आत gac.gov.in वर अपील. फोटो हटल्यावर गूगलवर शोधून बघा. जुनं चित्र तिथे दिसत असेल तर त्यांना वेगळी विनंती करावी लागते.