दुरिताच्या समस्येवर युक्तिवाद कसा बांधावा: आधारविधान, आक्षेप आणि उत्तर

‘जगात इतके दुःख आहे, मग देव कसा असेल?’ या प्रश्नावर निबंध लिहायला बसलेल्या माणसाला बहुधा एकच सल्ला मिळतो: दोन्ही बाजू मांडा आणि शेवटी आपले मत द्या. हा सल्ला निबंध बिघडवतो. दोन्ही बाजू शेजारीशेजारी मांडल्या की त्या एकमेकींना भिडत नाहीत. वाचकाला दोन याद्या मिळतात आणि शेवटी लेखकाचा कल कळतो. आक्षेप कोणत्या विधानावर पडला, त्या विधानाचे किती नुकसान झाले आणि उत्तराने त्यातले किती भरून निघाले, हा हिशेब मांडला तरच त्याला युक्तिवाद म्हणता येते.

आधी ठरवा की तुमचा युक्तिवाद विसंगतीचा आहे की पुराव्याचा. जे. एल. मॅकी यांनी १९५५ मध्ये मांडलेला युक्तिवाद विसंगतीचा होता: सर्वशक्तिमान, पूर्णतः भला देव आणि दुरित या दोन्ही गोष्टी एकत्र असूच शकत नाहीत. त्याला उत्तर देणाऱ्याला फक्त एवढे दाखवायचे असते की त्या एकत्र असणे शक्य आहे. अल्विन प्लांटिंगा यांनी १९७४ मध्ये स्वतंत्र इच्छेच्या आधारे तेच केले. ते पुरेसे आहे असे अनेक तत्त्वज्ञ मानतात, सगळे मानत नाहीत. पुराव्याचा युक्तिवाद याहून मवाळ असतो. देव असणे अशक्य आहे असे तो म्हणत नाही. जगातले दुःख पाहता देव नाही असे मानायला चांगले कारण आहे, एवढाच त्याचा दावा असतो. इथे ‘कदाचित देवाकडे काही कारण असेल’ असे उत्तर चालत नाही, कारण ही शक्यता युक्तिवादाने नाकारलेलीच नसते. प्रकार ठरवला नाही, तर एका प्रकारच्या दाव्याला दुसऱ्या प्रकारचे उत्तर दिले जाते. या विषयावरचे निबंध सर्वाधिक इथेच फसतात.

पुढचे सगळे पुराव्याच्या युक्तिवादाबद्दल आहे. त्याचा सर्वांत स्वच्छ सांगाडा विल्यम रो यांचा, १९७९ चा. तो दोन आधारविधानांत लिहावा:

१. काही तीव्र यातना अशा आहेत, की सर्वशक्तिमान आणि सर्वज्ञ शक्तीला त्या टाळता आल्या असत्या आणि त्यामुळे कोणतेही मोठे हित गमवावे लागले नसते आणि तितकेच अथवा त्याहून वाईट काही ओढवलेही नसते.
२. सर्वज्ञ आणि पूर्णतः भली शक्ती तीव्र यातना टाळेलच. अपवाद फक्त अशा यातनांचा, ज्या टाळल्या तर मोठे हित गमवावे लागेल, किंवा तितकेच अथवा त्याहून वाईट काही ओढवेल.
निष्कर्ष: सर्वशक्तिमान, सर्वज्ञ आणि पूर्णतः भली शक्ती नाही.

दुसरे विधान बहुतेक आस्तिकांनाही मान्य असते. त्यावर तीन-चार वाक्ये पुरतात. सगळा भार पहिल्या विधानावर आहे.

ते पेलण्यासाठी एकच उदाहरण घ्या आणि शेवटपर्यंत तेच वापरा. रो यांचे उदाहरण असे: दूरच्या जंगलात वाळलेल्या झाडावर वीज पडते, वणवा पेटतो, हरणाचे एक पाडस त्यात सापडते, भयंकर भाजते आणि कित्येक दिवस तडफडून मरते. या उदाहरणाची निवड फार विचारपूर्वक केलेली आहे. वीज कोणा माणसाच्या इच्छेने पडलेली नाही, त्यामुळे माणसाच्या स्वतंत्र इच्छेचे उत्तर इथे लागत नाही. पाडसाचे चारित्र्य दुःखातून घडेल असे म्हणता येत नाही. ते कोणी पाहिलेही नाही, म्हणून कोणाच्या मनात करुणा जागली असेही नाही. याउलट युद्धाचे किंवा खुनाचे उदाहरण घेतले, की पहिल्याच वळणावर स्वतंत्र इच्छेची चर्चा सुरू होते आणि निबंध तिथेच संपतो. एकापुढे एक दुःखांची यादी लावणे तर मुळीच नको. आक्षेप यादीवर घेतला जात नाही, विधानावर घेतला जातो.

आता खरी अवघड जागा. पहिले विधान खरे कशावरून? प्रामाणिक उत्तर असे: आपल्याला माहीत असलेले एकही हित या यातनेचे समर्थन करताना दिसत नाही. पण ‘दिसत नाही’पासून ‘नाही’पर्यंत एक उडी आहे. बहुतेक लेखक ती नकळत मारतात. विधान १ लिहितानाच ‘निरर्थक यातना’ असा शब्द वापरतात आणि जे सिद्ध करायचे तेच शब्दात घालून बसतात. उडी वेगळ्या वाक्यात लिहा: ‘या यातनेचे समर्थन करणारे हित आपल्याला दिसत नाही; म्हणून तसे हित बहुधा नाही.’ मधला ‘म्हणून’ उघडा ठेवा. विरोधकाला तो दिसला पाहिजे, कारण सर्वांत बळकट आक्षेप नेमका तिथे येतो.

तो आक्षेप स्टीफन विक्स्ट्रा यांनी १९८४ मध्ये घेतला. त्यामागचे तत्त्व सोपे आहे: एखादी गोष्ट असती तर ती आपल्याला दिसली असती, असे मानायला जागा असेल, तरच तिचे न दिसणे हा ती नसल्याचा पुरावा ठरतो. पाय मुरगळलेल्या माणसाच्या एक्स-रेमध्ये हाड मोडलेले दिसले नाही, तर हाड बहुधा मोडलेले नाही. पण त्याच एक्स-रेवरून ‘स्नायुबंध फाटलेला नाही’ असे म्हणता येत नाही, कारण स्नायुबंध एक्स-रेमध्ये दिसतच नाही. आक्षेपक म्हणतो, सर्वज्ञ शक्तीच्या मनातील हिते आपल्यासाठी स्नायुबंधासारखी आहेत. ती असली काय, नसली काय, आपल्याला दिसते ते सारखेच असणार.

हा आक्षेप लिहिताना तीन गोष्टी नोंदवा. तो कशावर पडतो, हे नाव घेऊन सांगा: विधान २ वर नाही, पाडसाच्या यातनेच्या खरेपणावरही नाही, फक्त त्या ‘म्हणून’वर. त्यामागचे कारण आस्तिकतेवर श्रद्धा न ठेवणाऱ्यालाही पटेल अशा रीतीने द्या. एक्स-रेच्या उदाहरणाचा उपयोग तेवढाच. आणि आक्षेप खरा असेल तर काय उरते तेही सांगा. विधान १ खोटे ठरत नाही, ते निराधार ठरते. या दोन गोष्टींत घोळ झाला, की उत्तरही चुकते. आक्षेपक ‘असे हित आहे’ असे कुठेच म्हणत नाही. म्हणून ‘मग ते हित कोणते, दाखवा’ हे उत्तर होत नाही. ते बुजगावण्यावर केलेला वार आहे. आपल्याकडच्या जुन्या शास्त्रग्रंथांत पूर्वपक्ष सविस्तर मांडण्याची जी रीत होती, ती इथे कामाची आहे: पूर्वपक्ष असा लिहा की तो वाचून विक्स्ट्रा यांच्या बाजूचा माणूस ‘हो, मला हेच म्हणायचे आहे’ असे म्हणेल.

उत्तराच्या वाटा अनेक आहेत. एकच निवडा आणि दोन पावले पुढे न्या. फसवा भाग हाच. पहिल्याच पावलावर थांबलेले उत्तर विरोधक एका वाक्यात मोडतो.

पहिले पाऊल असे टाकता येते. अज्ञात हितांबद्दल आपल्याला काहीच कळत नसेल, तर हे अज्ञान देवापुरते राहणार नाही. जळणारे पाडस समोर दिसले आणि सहज वाचवता आले, तर ते वाचवणे एकंदरीत चांगले की वाईट, हेही आपल्याला सांगता येणार नाही. त्याच्या जळण्यामागे एखादे अज्ञात हित असू शकेल. वाचवले पाहिजे याबद्दल तर कोणालाच शंका नाही. म्हणजे आक्षेप गरजेपेक्षा जास्त सिद्ध करतो.

इथे थांबू नका. विरोधक लगेच म्हणेल: आपले कर्तव्य आपल्याला जे ठाऊक आहे त्यावरून ठरते. वाचवण्यात अज्ञात हित असू शकते, तसे अज्ञात नुकसानही असू शकते. दोन्ही बाजूंचे अज्ञात एकमेकांना कापते आणि उरते ज्ञात कारण, म्हणून वाचवा. हे प्रत्युत्तर चांगले आहे. ते निबंधात स्वतःच लिहा.

मग दुसरे पाऊल: अज्ञात असे एकमेकांना कापत असेल, तर ते रो यांच्या हिशेबातही कापले पाहिजे. ज्ञात कारणांवरून आपण ‘वाचवावे’ असे ठरवतो, तर त्याच ज्ञात कारणांवरून ‘भल्या शक्तीने वाचवले असते’ असे मानायलाही काही आधार मिळतो. यावर विरोधकाकडे अजून एक फरक शिल्लक राहतो. काय करावे हे ठरवायला ज्ञात कारणे पुरतात. पण एकंदरीत काय चांगले होते याबद्दल मत बनवायला ती पुरतीलच असे नाही. डॉक्टर उपलब्ध माहितीवरून योग्य उपचार ठरवतो, पण तेवढ्यावरून रोगी बरा होईल असे छातीठोकपणे सांगत नाही. हा फरक खरा आहे, म्हणून तो मान्य करा आणि त्यामुळे तुमच्या उत्तराचे किती बळ गेले ते लिहा. दुसऱ्या पावलाने ‘काही आधार’ एवढेच मिळवले होते. आता तो ‘काही’ आणखी कमी झाला. नाहीसा मात्र झालेला नाही. त्यासाठी आक्षेपकाला हेही दाखवावे लागेल, की कृती ठरवताना चालणारी ज्ञात कारणे मत बनवताना अजिबात मोजायची नाहीत. हे त्याने अजून दाखवलेले नाही.

उत्तर जमले की नाही हे ओळखायची एक खूण आहे. ते झाकून ठेवा आणि विधान १ पुन्हा वाचा. आक्षेप येण्यापूर्वी ते जसे लिहिले होते तसेच राहिले असेल, तर उत्तराने काहीच केले नाही. तुम्ही मूळ दावा फक्त मोठ्या आवाजात पुन्हा सांगितलात. चांगल्या उत्तरानंतर विधानात एखादा शब्द बदलतोच. ‘नाही’च्या जागी ‘बहुधा नाही’ येते, किंवा ‘मानायला पुरेसे कारण’ऐवजी ‘मानायला काही कारण’ येते.

१,५०० शब्दांच्या निबंधात मांडणीला साधारण ३५० शब्द द्या, आक्षेपाला ४००, उत्तर आणि प्रत्युत्तराला मिळून ५५०. उरलेले प्रस्तावना व समारोपाला. दुसरा आक्षेप घुसवायचा मोह टाळा. मात्र एका गोष्टीला चार ओळी द्याव्यात, कारण जाणता वाचक ती विचारणारच: आस्तिक हाच सांगाडा उलटवू शकतो. देव आहे, विधान २ खरे आहे, म्हणून विधान १ खोटे. रो यांनी त्याच लेखात ही पलटी स्वतः मांडली आहे. तर्काच्या दृष्टीने ती तितकीच वैध आहे. तिला उत्तर एवढेच, की मग ‘देव आहे’ या विधानाला विधान १ पेक्षा जास्त आधार आहे हे आस्तिकाला वेगळे दाखवावे लागेल, आणि तो दुसऱ्या निबंधाचा विषय आहे.

समारोपात ‘म्हणून देव नाही’ असे लिहू नका. तेवढे तुम्ही कमावलेले नाही. वरच्या मांडणीतून हातात येणारे वाक्य असे आहे: पाडसासारख्या यातना देव नसल्याचा काही पुरावा आहेत, आपल्या अज्ञानाचा आक्षेप त्या पुराव्याचे बळ बरेच कमी करतो, पण ते शून्यावर आणायचे असेल तर ज्ञात कारणे कृतीसाठी मोजायची आणि मतासाठी मोजायची नाहीत, या भेदाचे समर्थन आक्षेपकाला द्यावे लागेल.