रक्तपेढीत निगेटिव्ह ग्रुपच्या पिशव्या सांभाळताना या चुका टाळा

शेल्फवर पिशव्या एक्स्पायर होतायत आणि त्याच आठवड्यात नातेवाईक काउंटरवर ओ निगेटिव्हसाठी रडतायत, हे दोन्ही एकाच रक्तपेढीत घडतं. आणि दरवेळी कारण सांगतात की डोनर मिळत नाहीत हो. डोनर मिळतात. आपण त्यांना चुकीच्या दिवशी घेतो आणि त्यांची पिशवी चुकीच्या ठिकाणी अडकवून ठेवतो. नव्या टेक्निशियन पोरांना तेच तेच सांगून कंटाळलोय म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आधी हिशोब, कारण तो कुणी करतच नाही. पॅक्ड सेलची, म्हणजे प्लाझ्मा काढून उरलेल्या लाल पेशींची पिशवी एसएजीएम द्रावणात असेल तर ४२ दिवस चालते, सीपीडीएत असेल तर ३५ दिवस, २ ते ६ डिग्रीत ठेवली तर. आता समजा तुमच्याकडून महिन्याला ३०० पिशव्या जातात. आपल्याकडे निगेटिव्ह लोक साधारण ५ टक्के, त्यात ओ निगेटिव्ह २ टक्क्यांच्या आसपास आणि एबी निगेटिव्ह अर्धा टक्का धरा. म्हणजे ओ निगेटिव्ह महिन्याला सहाएक लागणार आणि एबी निगेटिव्ह एखाद-दुसरी. ओ निगेटिव्हच्या ४ पिशव्या कायम ठेवल्या तर एक पिशवी सरासरी २० दिवस फ्रिजमध्ये बसते, आरामात खपते. पण एबी निगेटिव्हच्या ३ ठेवल्या तर एकेक पिशवी सरासरी दोन महिने बसणार, आणि तिचं आयुष्य आहे ४२ दिवस. ती फेकली जाणार हे ठेवली त्याच दिवशी ठरलं. तरी प्रत्येक ठिकाणी कुणीतरी म्हणतंच, दुर्मिळ ग्रुप आहे, असू दे दोन-तीन. अहो, एबी निगेटिव्ह पेशंटला पॅक्ड सेल ए निगेटिव्ह, बी निगेटिव्ह, ओ निगेटिव्ह काहीही चालतं, क्रॉसमॅच, म्हणजे पेशंटचं आणि पिशवीतलं रक्त एकत्र करून बघायची टेस्ट, जुळला की झालं. त्याला पर्याय आहेत. ओ निगेटिव्ह पेशंटला मात्र ओ निगेटिव्हच लागतं. म्हणून मी एबी निगेटिव्ह मुद्दाम जमवत नाही, आली तर आली, आणि एबी निगेटिव्ह पेशंट आला की आधी ए निगेटिव्ह बघतो, ओ निगेटिव्हला हात लावत नाही.

सगळे निगेटिव्ह डोनर एकाच कॅम्पात घेणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. शिवजयंतीचा कॅम्प, १९ फेब्रुवारी. मंडळाची पोरं उत्साही, अडीचशेच्या वर डोनर झाले, त्यात निगेटिव्ह निघाले १३. ओ निगेटिव्ह ५, बी निगेटिव्ह ५, ए निगेटिव्ह २, एबी निगेटिव्ह १. त्यातले बरेचसे जुनेच डोनर, कार्डावर ग्रुप लिहिलेला, म्हणजे खुर्चीवर बसायच्या आधीच माहिती होतं कोण काय आहे. तरी सगळ्यांना झोपवलं. कॅम्प इन्चार्जला आकडा हवा होता, मंडळाला फोटो हवे होते, आणि परत येऊन सगळे खूश की निगेटिव्हचं कपाट भरलं.

आता तारखा बघा. १९ फेब्रुवारीची ४२ दिवसांची पिशवी २ एप्रिलला संपते. पुरुष डोनरला परत रक्त द्यायला ९० दिवस थांबावं लागतं, म्हणजे तो २० मेच्या आधी देऊ शकत नाही. बाईला १२० दिवस, ती तर जूनच्या मध्यावर गेली. म्हणजे २ एप्रिलनंतर दीड महिना असा, की पिशवीपण नाही आणि डोनरपण नाही. आणि तो दीड महिना कुठला, तर एप्रिल-मे, कॉलेजं परीक्षेत, पोरं गावाला, कॅम्प जवळपास बंद, अख्ख्या महाराष्ट्रात रक्ताची ओरड असते तोच.

झालं तसंच. १३ पैकी निम्म्याच पिशव्या वेळेत गेल्या, उरलेल्या डिस्कार्ड रजिस्टरला चढल्या. एप्रिलच्या शेवटी एका खाजगी हॉस्पिटलमधून फोन, सिझेरियननंतर ब्लीडिंग थांबत नाहीये, ओ निगेटिव्ह, तीन पिशव्या तरी लगेच. फ्रिजमध्ये एक. आमच्या ताई यादी काढून एकेकाला फोन लावतायत आणि प्रत्येकजण तेच सांगतोय, "ताई, शिवजयंतीलाच दिलंय की." एकजण तर म्हणाला नियम बाजूला ठेवा, मी येतो. घेता येत नाही, त्याचं स्वतःचं हिमोग्लोबिन भरून आलेलं नसतं. शेवटी दुसऱ्या जिल्ह्यातल्या रक्तपेढीतून दोन पिशव्या गाडीने आणल्या, तोवर घरात होती ती एक लावली. बाई वाचली, पण ते चार तास डॉक्टरांनी कसे काढले ते त्यांनाच माहीत.

माझी सवय सांगतो, शास्त्र वगैरे नाही. कॅम्पला निगेटिव्ह कार्डवाला आला की त्याला नाश्ता देतो, नंबर घेतो, आणि स्टॉक ठीक असेल तर निम्म्यांना सांगतो तुम्ही आज नको, मी फोन करीन तेव्हा या. डायरीत पुढच्या तीन महिन्यांत दर आठवड्याला एक-दोन नावं वाटून टाकतो. आयोजक चिडतात, आमचा आकडा कमी झाला म्हणतात. चिडू दे. फक्त ज्याला थांबवलं त्याला खरंच फोन करायचा, नाहीतर तो पुढच्या वेळी तुमच्या कॅम्पाकडे फिरकणार नाही. आणि ग्रुप माहीतच नसलेला पहिल्यांदाचा डोनर असेल तर घ्याच, त्याला कसं थांबवणार.

आणि स्टॉक जास्त झालाच तर दुसऱ्या रक्तपेढीला वेळेत द्या. बल्क ट्रान्सफरला परवानगी आहे, कागद करायचा कंटाळा म्हणून पिशवी स्वतःच्या फ्रिजमध्ये मरू देणारे मी बघितलेत. १० दिवस उरले असताना द्या, दोन दिवस उरल्यावर कोण घेणार.

रिझर्व्ह करून विसरणं

हे दुसरं. खुब्याच्या ऑपरेशनला सर्जन लिहितो चार पिशव्या, बी निगेटिव्ह. तुम्ही चारही क्रॉसमॅच करता, पेशंटच्या नावाचं लेबल लावता, वेगळ्या खणात ठेवता. ऑपरेशन पुढे ढकललं, पेशंटची शुगर वाढली. परत ढकललं. शेवटी ऑपरेशन झालं आणि एकही पिशवी लागली नाही. तोवर दुसऱ्या वॉर्डातल्या बी निगेटिव्ह पेशंटला तुम्ही स्टॉक नाही म्हणून सांगून मोकळे, आणि खणातल्या चार पिशव्या म्हाताऱ्या होऊन परत आल्या. किती पिशव्या क्रॉसमॅच केल्या आणि किती खरंच चढवल्या याचं प्रमाण महिन्याला काढा. दोन-अडीचच्या वर गेलं की समजा की तुमचा स्टॉक खणात बसलाय, फ्रिजमध्ये नाही.

उपाय सोपा आहे पण भांडायची तयारी लागते. ज्या ऑपरेशनला रक्त क्वचित लागतं त्याला फक्त ग्रुप आणि अँटिबॉडी स्क्रीन करून ठेवायचं, पिशवी अडकवायची नाही. स्क्रीनमध्ये अँटिबॉडी सापडली नाही आणि रक्त लागलंच तर त्या वेळी क्रॉसमॅच करून देता येतो. निगेटिव्ह ग्रुप रिझर्व्ह केलाच तर ऑपरेशनच्या वेळेनंतर २४ तासांत मी स्वतः फोन करतो, लागतंय का, नाही तर सोडतोय. सर्जन सुरुवातीला ओरडतात, मग सवय होते. नवीन पोरं इथे घाबरतात, सरांना कसं विचारायचं म्हणून. सरांना नाही विचारलंत तर पुढच्या पेशंटच्या नातेवाइकांना सांगायला तुम्हालाच जावं लागेल.

बाकीच्या छोट्या गोष्टी

पिशव्या गोळा केल्याच्या तारखेने लावू नका, एक्स्पायरीच्या तारखेने लावा. १ जूनची एसएजीएम पिशवी १३ जुलैपर्यंत आहे आणि ५ जूनची सीपीडीए पिशवी १० जुलैपर्यंतच, म्हणजे नंतर आलेली आधी संपते. किराणावालासुद्धा दुधाच्या पिशव्या तारीख बघून पुढे-मागे करतो, आपण नाही करत.

थॅलेसेमियाच्या पोरांना आणि नवजात बाळांना ताजं रक्त लागतं, ते बरोबर. पण ताज्याची सवय इतकी लागते की साध्या ॲनिमियाच्या पेशंटलाही पुढचीच पिशवी काढून देतात, मागची बसून राहते.

निगेटिव्ह पिशवीचे शेवटचे पाच-सात दिवस उरले आणि यादीत कुणी निगेटिव्ह पेशंट नसेल तर जुळणाऱ्या पॉझिटिव्ह पेशंटला द्या. चालतं, पूर्णपणे चालतं. "निगेटिव्ह रक्त पॉझिटिव्हला कसं देणार" असं म्हणून फेकणारे अजून आहेत. उलट बाजू, म्हणजे निगेटिव्ह पेशंटला पॉझिटिव्ह रक्त, हा जीव वाचवायच्या वेळचा निर्णय, पुरुष किंवा मूल होण्याचं वय उलटलेली बाई असेल आणि रक्तात अँटी-डी, म्हणजे पॉझिटिव्ह रक्ताविरुद्धची अँटिबॉडी नसेल तर, आणि तो डॉक्टर आणि बीटीओ म्हणजे रक्तपेढीचे ब्लड ट्रान्सफ्यूजन ऑफिसर मिळून घेतात, नाइट ड्यूटीवाल्या पोराने नाही.

वॉर्डातून परत आलेली पिशवी. फ्रिजबाहेर अर्ध्या तासाच्या वर गेली असेल तर परत स्टॉकला घ्यायची नाही, कितीही दुर्मिळ ग्रुप असला तरी. म्हणून दुर्मिळ ग्रुपची एकेक पिशवी इश्यू करा, पहिली लागली की दुसरी. दोन-दोन एकदम दिल्या की दुसरी सिस्टरच्या टेबलावर तापते किंवा वॉर्डच्या घरगुती फ्रिजात बर्फाच्या खणाला चिकटून फुटते.

बॉम्बे ग्रुप, म्हणजे ज्याच्या लाल पेशींवर ओ ग्रुपवर असतो तो एच अँटिजेनही नसतो. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी सांगितलेला, आपल्याकडे अंदाजे दहा हजारांत एक. पेशी तपासणाऱ्या फॉरवर्ड ग्रुपिंगला हा पेशंट ओ दिसतो, आणि सीरम तपासणारं रिव्हर्स न करता घाईत ओ लिहून टाकलं की मग प्रत्येक ओ पिशवी क्रॉसमॅचला जुळत नाही आणि लोक सेंट्रिफ्यूजला शिव्या घालतात. रिव्हर्सला ओ सेल्स गुठळी झाल्या की तिथेच थांबा, अँटी-एच लावा. याची पिशवी साठवून काहीच उपयोग नाही, ४२ दिवसांत दुसरा बॉम्बे पेशंट तुमच्याकडे यायचा नाही. डोनर फोनमध्ये ठेवायचे, फ्रिजमध्ये नाही, आणि रक्त लागायच्या आधी एक दिवस बोलवायचं, कारण एचआयव्ही, हिपॅटायटिस वगैरे टेस्ट झाल्याशिवाय पिशवी सोडता येत नाही.

आणि ते व्हॉट्सॲप मेसेज. "अर्जंट ओ निगेटिव्ह" असं तारीख न घालता फिरवतात, पेशंट घरी जाऊन जेवतोय तरी मेसेज तीन महिने फिरतोय. दूर गावचे डोनर गाडी करून येतात आणि आल्यावर त्यांना परत पाठवायला कुणाला जीव होत नाही, म्हणून घेऊन टाकतात, आणि ते ९० दिवसांसाठी बाद. मेसेज टाकायचाच तर तारीख, वेळ आणि पिशव्या किती ते लिहा, आणि मिळालं की त्याच ग्रुपांवर "मिळालं, येऊ नका" हे टाकायची जबाबदारी एकाच माणसावर द्या, आमच्याकडे ती रात्रपाळीच्या रजिस्टरवर नावासकट लिहिलेली असते.